बाबांचे २२ टक्के शेअर्स आणि ३० टक्के ‘मायनॉरिटी डिस्काउंट’: हा हिशेब बरोबर आहे का?

पंचगंगाकाठ

नमस्कार. सगळं नीट लिहिते, म्हणजे उत्तर द्यायला सोपं जाईल.

१९९८ साली बाबा आणि त्यांच्या दोन मित्रांनी शिरोली एमआयडीसीत मशीनिंगचं युनिट टाकलं. तिघे एकाच फाउंड्रीत नोकरीला होते. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, एकूण एक लाख शेअर्स, दर्शनी किंमत १०० रुपये. मोठे काका ४० टक्के, धाकटे काका ३८ टक्के, बाबा २२ टक्के. मी दोघांनाही लहानपणापासून काकाच म्हणते. आजवर एकदाही डिव्हिडंड निघालेला नाही. तिघांनी फक्त पगार घ्यायचा आणि उरलेला पैसा मशीनमध्ये घालायचा, असं ठरलं होतं.

२०२२ मध्ये बाबांची बायपास झाली. त्यांनी डायरेक्टरपदाचा राजीनामा दिला आणि पगार थांबला. आता औषधोपचाराला आणि घराला पैसा लागतोय म्हणून शेअर्स घ्या असं त्यांनी सुचवलं. कंपनीच्या सीएंनी एका पानाचा हिशेब पाठवला: ताळेबंदाप्रमाणे नक्त मालमत्ता ९ कोटी, म्हणजे शेअरला ९०० रुपये. त्यातून ‘मायनॉरिटी डिस्काउंट’ म्हणून, म्हणजे वाटा अल्पमताचा आहे म्हणून, ३० टक्के वजा. राहिले ६३०. २२,००० शेअर्सचे १ कोटी ३८ लाख ६० हजार.

बाबा म्हणतात, “सह्या करून टाकू, संबंध बिघडायला नकोत.” मला हे ३० टक्के कुठून आले तेच कळत नाही. हा काही कायद्याने ठरलेला दर आहे का?

भोसरीचा टर्नर

ताई, ३० टक्क्यांचा कायदा वगैरे काही नाही. आमच्या लाइनीत सरळ हिशेब असतो: वर्षाचा नफा गुणिले पाच-सहा. नफा किती आहे? त्यातून बँकेचं कर्ज वजा करा आणि २२ टक्के काढा. ताळेबंदातली नक्त मालमत्ता म्हणजे भंगाराचा भाव. चालू धंद्याची किंमत ऑर्डर बुकात असते.

पंचगंगाकाठ

करानंतरचा नफा तीन वर्षांचा सरासरी २ कोटी आहे. टर्म लोन साधारण ३ कोटी.

ऊसपट्टा

माझ्या आजोबांचेही शेअर्स आहेत, साखर कारखान्याचे. राजीनामा दिला तर भरलेलीच रक्कम परत मिळेल म्हणतात. तुम्हाला निदान दर्शनी किमतीच्या सहापट मिळतायत. आम्हीपण असा हिशेब मागू शकतो का?

रेकनर

ऊसपट्टा, सहकारी संस्थेचं गणित वेगळं आहे. तिथे सभासदाला सहसा भरलेल्या रकमेपेक्षा जास्त मिळत नाही, कारखान्याच्या मालमत्तेत त्याचा वाटा धरत नाहीत. इथे कंपनी आहे, त्यामुळे तुमचा प्रश्न वेगळ्या धाग्यात घ्या.

ताई, मी नोंदणीकृत मूल्यांकनकार आहे आणि लहान कंपन्यांचीच कामं करते. तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न अडकलेत. पहिला, अख्ख्या कंपनीची किंमत किती? दुसरा, त्यातला २२ टक्के तुकडा सरळ प्रमाणात मोजायचा की कमी करून? सगळे दुसऱ्यावर भांडतात आणि पैसे पहिल्यात जातात.

मला तीन गोष्टी हव्यात. शिरोलीची जमीन ताळेबंदात कितीला आहे? वापरात नसलेली काही मालमत्ता आहे का? आणि राहिलेले दोन डायरेक्टर पगार किती घेतात, तो कधी वाढला?

टर्नर, पाच-सहा पट तुम्ही बरोबर सांगितलंत, मी पाहिलेल्या कामांत अशा युनिटना तोच पट्टा असतो. पण करानंतरच्या नफ्याला गुणलं की कर्ज पुन्हा वजा करायचं नाही. त्या नफ्यातून बँकेचं व्याज आधीच गेलेलं असतं. ३ कोटी परत वजा केलेत तर तेच कर्ज दोनदा मोजलं जाईल. व्याज-कराआधीच्या नफ्याला गुणत असाल तरच कर्ज काढायचं, आणि तिथे पट वेगळा असतो.

भोसरीचा टर्नर

हे मान्य. मी ज्या सौद्यात होतो तिथे व्याजाआधीचा आकडा धरला होता, म्हणून गल्लत झाली.

पंचगंगाकाठ

युनिटचा प्लॉट १९९८ च्या भावाने १४ लाखांना आहे. शेजारचा एक प्लॉट २०११ साली घेतला, ४० लाख, त्यावर अजून फक्त कुंपण आहे. दोन्ही एमआयडीसीच्या लीजचे. पगार: बाबा असताना तिघांनाही २० लाख होता. बाबांनी राजीनामा दिल्यावर पुढच्याच मार्चमध्ये काकांचे ३६-३६ लाख झाले. हे मी आज पहिल्यांदा जुळवून पाहिलं.

रेकनर

तो मार्च महिना लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता मी कशी मांडणी करेन ते सांगते. तुमचे कागद मी पाहिलेले नाहीत, तेव्हा आकडे उदाहरणादाखल धरा.

काकांच्या जागी बाहेरचा अनुभवी वर्क्स मॅनेजर नेमला तर १८ लाखांत मिळेल असं धरू. म्हणजे दोघांचे मिळून ३६ लाख हे पगाराच्या नावाखाली निघणारा मालकांचा नफा आहे. पंचवीस टक्के कर सोडून २७ लाख नफ्यात परत मिळवायचे. २ कोटींचे २ कोटी २७ लाख झाले. सहा पटीने १३ कोटी ६२ लाख.

युनिटचा प्लॉट यात वेगळा मिळवायचा नाही. त्याच जमिनीवर तो नफा कमावला जातोय. कुंपणाचा प्लॉट मात्र वेगळा धरायचा, कारण तो विकला तरी उत्पादन एका नगानेही कमी होणार नाही. बाजारभाव अडीच कोटी असेल तर एमआयडीसीचं हस्तांतर शुल्क आणि कर जाऊन हातात २ कोटी येतील असं समजू. एकूण १५ कोटी ६२ लाख, शेअरला १,५६२ रुपये. बाबांचा सरळ प्रमाणातला वाटा ३ कोटी ४३ लाख.

सीएंच्या ९०० पासून इथपर्यंत ६६२ रुपयांचा फरक आहे, आणि त्यात डिस्काउंटचा अजून विषयच आलेला नाही. त्यांनी वजा केलेले ३० टक्के म्हणजे शेअरला २७० रुपये. मोठी गळती कुठे आहे ते दिसतंय ना?

उरलेला भागीदार

मला दुसरी बाजू सांगायची आहे, कारण मी त्या बाजूला बसलोय. २०१८ साली मी माझ्या भागीदाराचे २५ टक्के सरळ प्रमाणात घेतले, एक रुपया कमी केला नाही. घर तारण ठेवून पैसे उभे केले. दोन वर्षांत कोविड आला, चार महिने मशीन बंद, हप्ता चालू. तो पूर्ण किंमत घेऊन मोकळा झाला होता आणि जोखीम माझ्या एकट्याच्या डोक्यावर.

ताई, राग मानू नका, पण विचारतो. हे २२ टक्के बाहेर विकायला काढले तर कोण घेईल? डिव्हिडंड नाही, डायरेक्टरकी नाही, ऑर्डर कुणाकडून घ्यायची यात मत नाही. स्पेशल रिझोल्यूशनला ७५ टक्के लागतात. बाबांचे २२ त्याला अडवूही शकत नाहीत, काका दोघे मिळून ७८ होतात. अशा कागदाला मी स्वतः ४० टक्के कमी देईन. ही लबाडी नाही, त्या वस्तूची किंमतच तेवढी आहे.

रेकनर

तुमचं म्हणणं खरं आहे, आणि बाहेरचा गिऱ्हाईक घेत असता तर मीही डिस्काउंट धरला असता. पण मग हिशेब एका सुतात हवा. काकांचा जादा पगार नफ्यात परत मिळवला की ती किंमत मालकाच्या नजरेतून झाली, कारण पगार कमी करण्याची ताकद मालकाकडेच असते. त्या किमतीतून अल्पमताची सवलत वजा करण्याला निदान तर्क आहे. पगार तसाच ठेवून नफा मोजलात तर ती आधीच अल्पमतवाल्याच्या नजरेतली किंमत झाली. त्याला मिळू न शकणारा पैसा आधीच बाहेर गेलाय, मग डिस्काउंट परत कशाचा?

‘शेअर पटकन विकता येत नाही’ या कारणाने जी कपात होते, ती अल्पमताच्या कपातीहून वेगळी. बाजारात नोंदलेल्या कंपनीचा पंधरा पट पाहून सुरुवात केली असेल तर तिला जागा आहे. आपण सुरुवातच सहा पटीने केली. लहान, बंद कंपनी म्हणूनच तर तो सहा आहे. सीएंच्या पानावर ताळेबंदाच्या आकड्यावर थेट ३० टक्के आहेत, कशासाठी ते लिहिलेलं नाही. त्यांना लेखी विचारा: ही कपात नियंत्रण नसल्याची की विक्री कठीण असल्याची, आणि कुठल्या पातळीच्या किमतीवर?

लेस्टरकर

मी इंग्लंडमध्ये अकाउंटंट आहे. इथे या वादावर बरेच निकाल आहेत, भारतातले वकीलही त्यांचा आधार घेतात. मुख्य म्हणजे १९८४ चा बर्ड प्रिसिजन बेलोजचा. तिथे २६ टक्केवाल्यांना कारभारातून बाहेर काढलं होतं. न्यायाधीश नर्स यांनी म्हटलं की कंपनी नावाला कंपनी पण स्वभावाने भागीदारी असेल, आणि माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध बाहेर पडावं लागत असेल, तर किंमत सरळ प्रमाणात, डिस्काउंट नाही. त्याला स्वतःहून विकणारा समजून कमी पैसे देणं अन्यायाचं होईल. उलट कुणी गुंतवणूक म्हणून आधीच स्वस्तात अल्पमताचे शेअर्स घेतले असतील, तर विकतानाही डिस्काउंट रास्त. अपील कोर्टाने तो निकाल कायम ठेवला.

पण याला दुसरं टोकही आहे. २००६ मधल्या अर्विन प्रकरणात ४९.९६ टक्के शेअर्स होते, अर्ध्याला केसभर कमी, तरी भागीदारीचा स्वभाव सिद्ध झाला नाही म्हणून डिस्काउंट लागला. म्हणजे टक्केवारीपेक्षा नातं कसं होतं त्यावर ठरतं.

तुमच्या बाबांचं प्रकरण मला पहिल्या गटातलं वाटतं. तीन मित्र, डिव्हिडंड नाही, पगार हाच परतावा.

उरलेला भागीदार

पण बाबांना कुणी काढलं नाही. त्यांनी आजारपणामुळे स्वतः राजीनामा दिला. ‘इच्छेविरुद्ध’ कसं म्हणायचं?

लेस्टरकर

हा मुद्दा खरोखर अवघड आहे. तब्येतीने बाहेर पडणारा आणि कंटाळून बाहेर पडणारा यांत कोर्ट फरक करेल असं मला वाटतं, पण खात्रीने सांगणार नाही.

खडकवासल्याची वकील

राजीनामा स्वेच्छेचा होता, हेच तुमचं सर्वात कच्चं टोक आहे. स्पष्ट सांगते. स्वतःहून जाणाऱ्या भागधारकाला ‘माझे शेअर्स घ्याच’ असा हक्क कंपनी कायद्यात नाही. कलम २४१ खाली एनसीएलटीत, म्हणजे राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणात, जायला १० टक्क्यांची अट आहे, तुमचे २२ असल्याने ती पार होते. न्यायाधिकरण २४२ खाली बाकीच्यांना शेअर्स विकत घ्यायला लावू शकतं, तेही खरं. पण आधी दडपशाही किंवा गैरव्यवस्थापन सिद्ध करावं लागतं. नीडल इंडस्ट्रीजच्या १९८१ च्या निकालात दडपशाही सिद्ध न होताही सुप्रीम कोर्टाने शेअर्सच्या रास्त किमतीसाठी पैसे द्यायला लावले होते, पण त्यावर भिस्त ठेवून मुंबई खंडपीठात जाऊ नका. किंमत ठरवण्यात कोर्टं किती मागे सरतात ते टाटा सन्सच्या वादात दिसलं. शापूरजी पालनजी गटाने आपल्या १८.३७ टक्क्यांचे पावणेदोन लाख कोटी सांगितले, टाटांच्या बाजूने सत्तर-ऐंशी हजार कोटी सांगितले गेले, आणि २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने आकडा ठरवायला नकार देऊन दोघांना आर्टिकल्सकडे, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत नियमावलीकडे, किंवा दुसऱ्या कायदेशीर मार्गाकडे पाठवलं.

म्हणून आधी आर्टिकल्स काढा. हस्तांतराच्या कलमात किंमत कशी ठरवायची ते लिहिलेलं असतं. ‘रास्त किंमत’ म्हटलं असेल तर सरळ प्रमाणाचा युक्तिवाद करता येतो. ‘विकू इच्छिणारा आणि घेऊ इच्छिणारा यांच्यातला बाजारभाव’ म्हटलं असेल तर २२ टक्क्यांचा तुकडा म्हणून बघणं आलं, आणि डिस्काउंट मागच्या दाराने आत येतो. ऑडिटरचा निर्णय अंतिम असं लिहिलं असेल तर तो मोडणं फार कठीण.

पंचगंगाकाठ

आर्टिकल्स बाबांच्या कपाटातल्या पिवळ्या फाईलमध्ये सापडली. कलमात एवढंच आहे: इतर सभासदांना आधी विचारायचं, किंमत ‘ऑडिटर ठरवतील ती रास्त किंमत’. अंतिम वगैरे शब्द नाही. पण पत्र पाठवणारे सीएच ऑडिटर आहेत.

खडकवासल्याची वकील

‘रास्त किंमत’ तुमच्या बाजूने आहे. ऑडिटर नेमलेला असला तरी त्याने कारणं लिहायला हवीत. एका पानाच्या हिशेबाला ‘रास्त किंमत ठरवली’ म्हणता येणार नाही, असं मी पत्रात लिहीन.

सूतगिरणी

मी बराच वेळ वाचतोय. एक गोष्ट कुणीच बोललं नाही. ४०, ३८ आणि २२ नीट बघा. कुणाकडेच बहुमत नाही. बाबांचे शेअर्स मोठ्या काकांनी घेतले तर ते ६२, धाकट्या काकांनी घेतले तर ते ६०. दोघांनी आपापल्या प्रमाणात वाटून घेतले किंवा कंपनीने परत घेऊन रद्द केले, तर ७८ पैकी ४० राहतात, म्हणजे मोठे काका ५१.२८ आणि धाकटे ४८.७२.

म्हणजे हा ‘बिनताकदीचा’ तुकडा ज्या दिवशी हलेल, त्या दिवशी कंपनीचा एकच मालक ठरेल. यावर अल्पमताची सवलत कशी?

रेकनर

हे मी सुरुवातीलाच बघायला हवं होतं. दोन गटांमधला तिसरा तुकडा मूल्यांकनात वेगळाच मोजतात. उरलेला भागीदार म्हणतात तसा बाहेरच्याला तो कमी किमतीचा असेल, पण घेणारा बाहेरचा नाहीच. मी डिस्काउंट शून्य धरेन. त्याच्यावर अधिमूल्य मागावं का, हे मात्र मी सांगणार नाही. तिथे माझ्याकडे भक्कम आधार नाही.

उरलेला भागीदार

हे मला पटलं. माझ्या वेळी ७५-२५ होतं, असा प्रश्न नव्हता. तरी पैसे एकदम देता येणार नाहीत हे लक्षात घ्या. ३ कोटी ४३ लाख दोन माणसं एका वर्षात काढतील तर युनिट बसेल. तीन-चार वर्षांचे हप्ते आणि त्यावर व्याज घ्या, पण किंमत आत्ताच लॉक करा.

रेकनर

हप्ते चालतील. एक गोष्ट काकांनाही सांगा, ती त्यांच्याच हिताची आहे. शेअर बाजारात नोंद नसलेल्या शेअर्ससाठी आयकरात ११यूए नियमाची किंमत असते. त्यात जमीन ताळेबंदातल्या किमतीला धरत नाहीत, रेडी रेकनरला धरतात. दोन्ही प्लॉटचं रेकनर ६ कोटी धरलं, तर ९ कोटींतून ताळेबंदातले ५४ लाख काढून ६ कोटी घालायचे. १४ कोटी ४६ लाख, शेअरला १,४४६. त्या सूत्रात अल्पमताच्या सवलतीला जागाच नाही.

६३० ला विकलं तर जुन्या कायद्याच्या ५०सीए प्रमाणे बाबांना १,४४६ मिळाले असंच धरतात. (२०२५ च्या नव्या कायद्यात क्रमांक बदलले आहेत.) मूळ २२ लाख वजा जाऊन साडेबारा टक्क्यांनी सरचार्ज-सेस सोडून साधारण ३७ लाख कर. खऱ्या हातात आलेल्या पैशावर तो साडेचौदा लाखच झाला असता. आणि काकांनी स्वतःच्या नावावर घेतले तर फरकाचे १ कोटी ७९ लाख त्यांचं उत्पन्न म्हणून त्यांच्या स्लॅबने करपात्र. स्वस्त घेतल्याचा फायदा बराचसा तिथे जातो.

खडकवासल्याची वकील

इथे एक अडचण आहे. प्लॉट एमआयडीसीच्या लीजचे आहेत. लीजचा हक्क म्हणजे ‘जमीन किंवा इमारत’ का, यावर आयकरात वाद आहेत. रेकनर धरायचंच असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

रेकनर

बरोबर. शेड तर येईलच, लीजहोल्ड प्लॉटवर मतभेद आहेत. म्हणून काकांच्या करसल्लागाराने आधी हा आकडा काढावा, सौद्यानंतर नको.

पंचगंगाकाठ

काल बाबांना घेऊन शिरोलीला गेले होते. पत्र न देता आधी भेटायचं असं त्यांनीच ठरवलं. सूतगिरणी यांनी लिहिलेलं ५१.२८ आणि ४८.७२ मी कागदावर लिहून नेलं. धाकट्या काकांनी तो कागद हातात घेतला आणि दोन-तीनदा वाचला. मोठे काका बाहेर शॉपवर गेले होते, ते आल्यावरही धाकट्या काकांनी तो कागद खिशातच ठेवला. मग म्हणाले, “बाहेरचा मूल्यांकनकार नेमू, फी तिघांनी भरायची.”

मोठे काका हो-नाही काहीच बोलले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं की पगाराचा विषय मूल्यांकनकारासमोर यायला हवा का. बाबा म्हणाले, यायला हवा.

मूल्यांकनकाराला नेमणूकपत्र देताना ‘रास्त किंमत, अख्ख्या कंपनीच्या किमतीच्या सरळ प्रमाणात’ असं आधीच लिहून घ्यावं, की फक्त ‘रास्त किंमत’ लिहून डिस्काउंटचा प्रश्न त्यांच्यावर सोडावा? वकीलताई, रेकनरताई, यावर तुमचं मत हवंय.

खडकवासल्याची वकील

आधीच लिहून घ्या. सोडलात तर वाद तिथूनच परत सुरू होईल.

रेकनर

मी उलट म्हणेन. मोठे काका त्या वाक्यावर सही करणार नाहीत आणि नेमणूकच अडेल. दोन आकडे मागा: अख्ख्या कंपनीची किंमत, आणि कपात केली असेल तर ती वेगळ्या ओळीत, कारणासह. मूल्यांकनाची तारीखही पत्रात घाला, बाबांच्या राजीनाम्याची की आजची, हे दोघा काकांशी आधी ठरवून.